अळी नेमकी कधी शिरली?

जून २०२४ मध्ये मालाडच्या एका तरुण डॉक्टरने ॲपवरून आइस्क्रीमचा कोन मागवला आणि त्यात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. बातमी देशभर गाजली. तिच्यातली किळसवाणी बाजू सगळ्यांना आठवते, तपास कसा झाला ते फारसं कुणाला आठवत नाही. डॉक्टरने तो तुकडा टाकून न देता बर्फात घालून पोलीस ठाण्यात नेला. वेष्टनावरच्या मजकुरावरून पोलीस इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोचले. तिथल्या एका कामगाराचं बोट मे महिन्यात यंत्रात सापडल्याचं चौकशीत पुढे आलं. त्याच्या रक्ताशी तुकड्याचा डीएनए जुळला आणि प्रश्न संपला. तुकडा कारखान्यातच पडला होता, दुकानदाराचा किंवा ते पोचवणाऱ्या मुलाचा त्यात काही संबंध नव्हता.

पाकिटबंद पदार्थात काही निघाल्याच्या बहुतेक तक्रारी इतक्या सरळ सुटत नाहीत. केस, दोरा, खडा, काचेचा कण, अळी, काहीही निघालं तरी भांडण एकाच गोष्टीवरून होतं: ती वस्तू आत गेली कधी? पाकीट सील होण्याआधी, की नंतर? आधी असेल तर कारखाना जबाबदार. नंतर असेल तर वितरकाचं गोदाम, दुकान किंवा आपलंच स्वयंपाकघर. कंपनीचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं, ‘आमच्याकडून माल चांगलाच गेला होता.’ ग्राहकाचंही ठरलेलं, ‘मी फोडलं तेव्हा आत होतं.’ दोघंही खरं बोलत असतील, हे कुणी लक्षात घेत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या घरी गेल्या हिवाळ्यात असंच एक प्रकरण झालं. ते गाजलं वगैरे नाही, पण असल्या तक्रारीत काय काय पाहायचं असतं ते त्यात बरंचसं आलं, म्हणून तेच सांगतो.

शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाव किलोचं पाकीट होतं. ताईने नऊ नोव्हेंबरला संध्याकाळी ते कात्रीने कापलं, दोन तुकडे नातवाला दिले, आणि तिसरा उचलताना खाली जाळीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. त्या जाळीत एक पिवळट, तांदळाच्या दाण्याएवढी अळी वळवळत होती. तिने मला फोन केला तो हे पाकीट कचऱ्यात टाकायच्या बेतात असतानाच.

“अरे, मी ती अळी चिमट्याने काढून नळाखाली धरणार होते, नीट दिसावी म्हणून.”

“धुऊ नकोस ताई. आणि पाकीट टाकू नकोस.”

“घरात ठेवू कुठे रे हे?”

“फ्रीजरमध्ये.”

यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिने ठेवलं. औषधाची एक रिकामी, कोरडी काचेची बाटली घेऊन त्यात जाळीसकट अळी घातली, झाकण घट्ट लावलं. उरलेली चिक्की आणि पाकीट वेगळ्या, झिप असलेल्या पिशवीत. दोन्ही फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात, वर कागद चिकटवून तारीख, वेळ आणि ‘खाऊ नये’.

आत ठेवण्याआधी मी तिला फोटो काढायला लावले. नुसत्या अळीचे नव्हे, पाकिटाचे. पुढचा भाग, मागचा भाग, चारही कडा, आणि जिथे बारीक काळ्या ठिपक्यांत छपाई असते तो भाग जवळून. बॅच क्रमांक तिथेच असतो, बहुधा मागच्या शिवणीवर किंवा वरच्या चुण्यांच्या पट्टीवर. गंमत म्हणजे आपण पाकीट कापतो तेही नेमकं तिथेच. ताईने कापलेली पट्टी केराच्या डब्यातून शोधून काढावी लागली. तिच्यावर लिहिलं होतं केसी १७०८२, आणि त्यापुढे वेळ, १६:४२.

बॅच क्रमांक कसा लिहायचा हे कायदा ठरवत नाही. तो असला पाहिजे एवढंच लेबलच्या नियमांत आहे, आणि त्याच्याजवळ उत्पादनाची तारीख व वापराची अंतिम मुदत असली पाहिजे. क्रमांकाची भाषा प्रत्येक कारखान्याची आपापली. या पाकिटावर उत्पादनाची तारीख १७ ऑगस्ट होती, त्यामुळे १७०८ म्हणजे दिवस आणि महिना हे उघड होतं. शेवटचा २ हा पॅकिंगच्या दुसऱ्या यंत्राचा, असं पुढे कंपनीने सांगितलं. सुरुवातीची अक्षरं कुठल्या कारखान्यात माल बनला त्याची. एकाच नावाचा माल तीन ठिकाणी बनत असेल, काही दुसऱ्याकडून बनवून घेतला जात असेल, तर त्या दोन अक्षरांशिवाय कुणाची वही उघडायची हेच कळत नाही.

वही हा शब्द मी मुद्दाम वापरला. बॅच क्रमांक स्वतः काही सांगत नाही, तो कारखान्याच्या नोंदींकडे नेतो. त्या दिवशी शेंगदाणे कुठल्या लॉटचे होते, ते धुरी दिलेल्या साठ्यातले होते का, पाकिटाची फिल्म कुठल्या रोलची, सील करणाऱ्या जबड्याचं तापमान किती होतं, धातुशोधक यंत्राची तपासणी कधी झाली, या सगळ्याच्या नोंदी नीट चालणाऱ्या कारखान्यात ठेवलेल्या असतात. धातुशोधकातून दर ठरावीक वेळाने लोखंड, पितळ किंवा तत्सम धातू आणि स्टेनलेस स्टीलचे छोटे गोळे मुद्दाम सोडतात आणि यंत्र ते पकडतं का पाहतात. तारेचा तुकडा निघाल्याची तक्रार असेल तर १६:४२ च्या आधीची आणि नंतरची ती चाचणी पास झाली होती का, हे तपासायला मिनिटावरची वेळ उपयोगी पडते. शिवाय प्रत्येक बॅचची काही पाकिटं कारखाना स्वतःकडे राखून ठेवतो. तक्रार आली की तीच पाकिटं फोडून बघतात. आणि त्या क्रमांकाची आणखी कुणाची तक्रार आली आहे का, हेही. एकच तक्रार आणि वीस तक्रारी यांचा अर्थ फार वेगळा होतो.

म्हणून नुसता ब्रँडचं नाव आणि अळीचा फोटो टाकून केलेली तक्रार जवळजवळ निरुपयोगी असते. कंपनी ‘तपास करू’ म्हणते, आणि तपास करायला तिच्या हातात खरंच काही नसतं.

पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांकही असतो. त्यातला पहिला आकडा १ असला तर तो परवाना, २ असला तर छोट्या उद्योगाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राच्या परवान्यांची सुरुवात ११५ ने होते, केंद्राकडून दिलेल्यांची १०० ने. चिक्कीच्या पाकिटावर ११५ होतं, तेव्हा हा माल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या एफडीएच्या कक्षेतला हे तिथेच कळलं.

आता अळीकडे येऊ.

चिक्की करताना गुळाचा पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर जातो. त्यात कुठलीही अळी, कुठलंही अंडं जिवंत राहत नाही. जिवंत अळी निघाली याचा अर्थ ती किंवा तिचं अंडं पाक थंड झाल्यानंतर आलं. यात कारखान्यातला कापण्याचा आणि पॅकिंगचा टप्पाही धरायला हवा, कारण तिथे चिक्की उघडी असते. म्हणजे जिवंतपणावरून कारखाना सुटत नाही, फक्त कढई सुटते.

अळी मेलेली असती तर काम अवघड झालं असतं. अशा वेळी प्रयोगशाळेत एक जुनी, साधी चाचणी करतात. किड्याच्या शरीरात कॅटालेज नावाचं विकर असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तो किडा चिरडून टाकला की या विकरामुळे फेस येतो. जखमेवर हेच औषध टाकल्यावर फसफसतं, ते आपल्या रक्तातल्या याच विकरामुळे. किडा भट्टीतून किंवा उकळत्या पाकातून गेला असेल तर विकर उष्णतेने मोडतं आणि फेस येत नाही. म्हणजे बिस्किटात सापडलेल्या माशीने फेस दिला, तर ती भाजली गेलेली नाही, नंतर आली.

पण या चाचणीला मर्यादा आहेत, आणि तक्रारदाराने त्या जाणून घ्याव्यात. किडा मरून बराच काळ लोटला, वाळून गेला, तर विकर आपोआप क्षीण होतं. त्यामुळे फेस आला नाही याचा अर्थ ‘भट्टीतून गेला’ असाच होतो असं नाही. उलट बाजूने, किड्यावर बुरशी धरली असेल तर बुरशीतल्या त्याच विकरामुळे फेस येतो आणि निष्कर्ष उलटा लागू शकतो. आणि घरात कुणी तो किडा गरम पाण्यात घातला, सॅनिटायझर ओतलं, ‘जंतू मरावेत’ म्हणून मायक्रोवेव्ह केला, तर चाचणीचा विषयच संपतो. ताईची अळी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली ती यासाठी. थंडीने अळी मरते, बुरशी वाढत नाही आणि विकर बरंचसं टिकतं. स्पिरिटमध्ये ठेवली असती तर कुठल्या जातीची ते ओळखता आलं असतं, पण फेसाची चाचणी हातची गेली असती.

खडा, काच, धातू यांना फ्रीजरची गरज नाही. ते कोरड्या डबीत ठेवायचे, पण तेही न धुता. काचेच्या भेगेत गुळाचा पाक शिरून बसला असेल तर ती पाकासोबत होती. भेग स्वच्छ असेल तर गोष्ट वेगळी. जाता जाता सांगतो, चिकट किंवा कडक खाऊत सापडलेला पांढरा-करडा ‘दगड’ कधीकधी खाणाऱ्याच्याच दाढेतलं भरण असतं. तक्रारीआधी आरशात एकदा पाहून घेतलेलं बरं.

आमच्या प्रकरणात निर्णायक ठरलं ते कॅलेंडर. शेंगदाणे, सुकामेवा, चॉकलेट यांत जाळी करणाऱ्या अळ्या बारीक पतंगांच्या असतात. उबदार हवेत अंड्यापासून पतंग व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. पाकीट १७ ऑगस्टचं, उघडलं ९ नोव्हेंबरला. मध्ये बारा आठवडे. अंडं जर पॅकिंगच्या वेळीच आत गेलं असतं, तर नोव्हेंबरपर्यंत त्याची अळी होऊन, कोष होऊन, पतंग निघून मेलाही असता, आणि कदाचित दुसरी पिढी चालू असती. पाकिटात रिकामे कोष, मेलेला पतंग, भरपूर विष्ठेचा भुसा आणि कुरतडलेले दाणे दिसले असते. इथे एकच अर्धवट वाढलेली अळी होती, थोडीशी जाळी होती, बाकी चिक्की कोरी करकरीत. म्हणजे तिचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, फार तर महिन्याचा.

मग ती आली कुठून? पाकीट भिंगाखाली धरल्यावर खालच्या घडीजवळ टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं. प्लास्टिक कुरतडून आत जाणाऱ्या अळ्या असतात आणि आतून बाहेर पडणाऱ्याही असतात. कुठल्या बाजूने कुरतडलं ते भोकाच्या कडेवरून ओळखतात. ज्या बाजूने सुरुवात केली तिकडे भोक जरा रुंद आणि कडेला दातांचे ओरखडे असतात, दुसऱ्या बाजूला अरुंद आणि गुळगुळीत. हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. पण म्हणूनच पाकिटाचा कागद अळीइतकाच महत्त्वाचा. लोक अळी जपून ठेवतात आणि पाकीट फेकून देतात, किंवा भोकावर सेलोटेप लावून ते बंद करतात.

ताईने पाकीट २५ ऑक्टोबरला घेतलं होतं, पावती फोनवरच्या पेमेंटमध्ये सापडली. घरी ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात होतं. डब्यात दुसरं काही नव्हतं आणि जाळीही नव्हती. त्यामुळे संशय दुकानावर आणि त्यामागच्या गोदामावर गेला. संशयच, कारण दोन आठवडे घरातही होतं ते, आणि तो डबा खरंच तसाच होता याला ताईच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. कंपनीचा वकील हेच म्हणाला असता.

साठवणुकीवरून झालेला मोठा वाद महाराष्ट्राने २००३ मध्ये पाहिला. त्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळी तोंडावर आलेली असताना, कॅडबरी डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या सापडल्या आणि एफडीएने कारवाई सुरू केली. कंपनीचं म्हणणं होतं की चॉकलेट कारखान्यातून चांगलंच निघालं, दुकानांत नीट साठवलं गेलं नाही म्हणून कीड लागली. शास्त्राच्या दृष्टीने हे म्हणणं पोकळ नव्हतं. पण प्रशासनाने उलट विचारलं: दुकानात धान्याच्या पोत्याशेजारी ठेवलं की अळी शिरेल असं वेष्टन मुळात का? माल आपल्या देशातल्या किराणा दुकानांत विकायचा आहे, हे कंपनीला ठाऊक नव्हतं का? त्या वेळच्या वेष्टनात कागद आणि न चिकटवलेली चांदी होती, बाजूंना अळीला वाट होती. विक्री घसरली. कंपनीने ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवणूक शिकवली, जानेवारी २००४ पासून सगळीकडून उष्णतेने सील केलेलं नवं वेष्टन आणलं, आणि जाहिरातीसाठी अमिताभ बच्चनना पुढे केलं. ‘चूक दुकानदाराची’ असं म्हणता म्हणता कंपनीने वेष्टन मात्र स्वतःचं बदललं. मला यात प्रशासनाचा प्रश्नच जास्त मोलाचा वाटतो. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ एवढी ओळ छापून कंपनीची जबाबदारी संपते, असं मानायला मी तयार नाही.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने, त्याच्या कलम २७ मध्ये, ही जबाबदारी वाटून दिली आहे. उत्पादकाने दिलेल्या सूचना मोडून माल साठवला किंवा पुरवला तर घाऊक विक्रेता आणि वितरक जबाबदार. अस्वच्छ जागी ठेवला किंवा मुदत संपल्यावर विकला तर दुकानदार. मालात परकी वस्तू, कायद्याच्या भाषेत बाह्य पदार्थ, आढळल्यास कलम ५४ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कीड लागलेलं अन्न मात्र याहून पुढे, असुरक्षित अन्नाच्या व्याख्येत जातं आणि तिथे शिक्षाही कडक होते.

ताईने कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. दोन दिवसांत एक सभ्य माणूस घरी आला, हातात त्याच मालाची पाच पाकिटं.

“काकू, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफ करा. हे ठेवा, आणि ते पाकीट माझ्याकडे द्या, आमच्या लॅबला पाठवतो.”

यात वाईट हेतू असेलच असं नाही. कंपनीला नमुना खरंच हवा असतो. पण अळी एकच, ती विभागता येत नाही. एकदा दिली की पुढे जो अहवाल येईल तोच शेवटचा, आणि तो देणारी प्रयोगशाळा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीच. ताईने चिक्कीचे दोन तुकडे दिले, पाकीट आणि बाटली समोर दाखवली, फोटो काढू दिले, पण दिलं काहीच नाही. त्याच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं: कोण आला, काय पाहिलं, काय नेलं, तारीख, सही. तिच्या घरापासून प्रयोगशाळेपर्यंत तो नमुना कुणाकुणाच्या हातात होता याची साखळी अशा चार ओळींच्या कागदांनीच बनते. एक दुवा गळला की समोरचा विचारतो, मधल्या काळात अळी बदलली नाही कशावरून?

नंतर तिने एफडीएच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार दिली, पोच घेतली. इथे अनेकांची निराशा होते, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपण घरी फोडलेलं पाकीट हा कायद्याच्या दृष्टीने खटल्याचा नमुना नसतो. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात जातो आणि त्याच बॅचची न फोडलेली पाकिटं स्वतः घेतो. दुकानदाराला नोटीस देतो, नमुन्याचे चार भाग करतो, प्रत्येक भाग बांधून सील करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर विक्रेता तीस दिवसांत अपील करू शकतो, मग राखून ठेवलेला भाग वरच्या प्रयोगशाळेत जातो.

आता यातली अडचण पाहा. भेसळ सगळ्या बॅचमध्ये सारखी मिसळलेली असते, त्यामुळे तिच्यासाठी ही पद्धत चांगली. काचेचा तुकडा एकाच पाकिटात असतो. दुसरी चार पाकिटं स्वच्छ निघाली म्हणजे आपल्या पाकिटात काच नव्हती असं सिद्ध होत नाही, पण कागदावर अहवाल ‘मानकांनुसार’ असाच येतो. कीड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. ती पसरते, म्हणून दुसऱ्या पाकिटात सापडण्याची शक्यता बरी असते, पण माल दुकानात शिल्लक असेपर्यंतच. तक्रारीला महिना लावला तर त्या बॅचचं एकही पाकीट उरत नाही.

ग्राहकालाही स्वतःहून विश्लेषकाकडे नमुना देता येतो, फी भरून. कलम ४० मध्ये तशी सोय आहे. मात्र खरेदीच्या वेळीच दुकानदाराला ‘हे मी तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. घरी आणून फोडल्यावर अळी दिसलेल्या माणसाला हे कसं जमावं? त्यावर वाट एकच: त्याच दुकानात जाऊन त्याच क्रमांकाचं दुसरं पाकीट, सांगून, बिल घेऊन विकत घ्यायचं. अहवालात दोष निघाला तर भरलेली फी परत मिळते.

भरपाई हवी असेल तर दार वेगळं, जिल्हा ग्राहक आयोगाचं. एफडीए दंड करते तो सरकारजमा होतो. आयोगाकडे दोन वर्षांत जाता येतं, आणि खरेदीची रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास तक्रारीची फी लागत नाही. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोगच नमुना घेतो, सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो. तक्रारी इथे पडतात त्या याच ठिकाणी. पाकीट कापलेलं, वस्तू हाताळलेली, प्रयोगशाळेचा अहवाल नाही, आणि हातात फक्त फोनमधले फोटो. पाकीट न फोडताच वस्तू बाहेरून दिसत असेल, जसं बाटलीतल्या सरबतात तरंगणारी माशी, तर मात्र कुठल्याही परिस्थितीत ती फोडू नये. सीलबंद बाटली हातात असलेल्या तक्रारदाराला अळी कधी शिरली हा प्रश्न कुणी विचारू शकत नाही. झाकण उघडलं की तो प्रश्न जन्माला येतो.

ताई आयोगाकडे गेली नाही. ‘दीडशे रुपयांच्या चिक्कीसाठी वकील कुठे करू,’ म्हणाली. पण तिच्या तक्रारीवर अधिकारी दुकानात गेला तेव्हा केसी १७०८२ ची सहा पाकिटं अजून मांडणीवर होती. त्यांतल्या दोन पाकिटांना खालच्या घडीजवळ तसंच भोक होतं. मांडणी लाकडी, सगळ्यात खालची फळी, आणि तिच्याखाली सुट्या शेंगदाण्यांचं उघडं पोतं. पोत्याच्या तोंडाशी जाळी धरलेली होती. वरच्या फळीवरची त्याच कंपनीची दुसऱ्या बॅचची पाकिटं धडधाकट होती.

कंपनीचं पत्र डिसेंबरमध्ये आलं. राखून ठेवलेल्या पाकिटांत कीड नाही, सीलच्या नोंदी व्यवस्थित आहेत, प्रादुर्भाव उत्पादनानंतरचा आहे, असं त्यात होतं. हे खरंच असावं असं मलाही वाटतं. शेवटच्या ओळीत मात्र एक बारीक गोष्ट होती: पुढच्या महिन्यापासून पाकिटाची फिल्म जाड करत आहोत. दुकानदाराने पोतं पत्र्याच्या कोठीत ओतलं आणि ताईला म्हणाला, “काकू, आधी मला सांगायचं होतं ना.” तिने फ्रीजरमधली बाटली जानेवारीत एफडीएकडून लेखी उत्तर आल्यावर टाकली. तोवर कुल्फीचा साचा बाहेरच होता.